थंडरबोल्ट केबल आणि साधी यूएसबी-सी केबल

थंडरबोल्ट केबल ही संगणक आणि बाहेरील उपकरण यांच्यात दोन्ही दिशांना बहुधा ४० गिगाबिट प्रतिसेकंद किंवा त्याहून अधिक वेगाने माहिती नेण्यासाठी बनवलेली, इंटेलच्या प्रमाणनातून गेलेली केबल होय. (हा वेग तिसऱ्या पिढीपासूनचा.) तिची दोन्ही टोके साध्या यूएसबी-सी केबलच्या टोकांसारखीच दिसतात आणि त्याच पोर्टमध्ये बसतात. त्यामुळे बाहेरून पाहून वेगळेपण ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे टोकावर छापलेले चिन्ह. खालच्या टोकाला बाण असलेली वीज आणि तिच्याजवळ ३, ४ किंवा ५ हा अंक, असे ते असते.

ही गफलत मूळ रचनेतूनच आली. इंटेल आणि ॲपल यांनी २०११ मध्ये थंडरबोल्ट आणले तेव्हा त्याचे टोक मिनी डिस्प्लेपोर्टचे होते आणि ते चुकून यूएसबीच्या पोर्टमध्ये शिरण्याचा प्रश्नच नव्हता. २०१५ मध्ये तिसऱ्या पिढीने यूएसबी-सीचे टोक स्वीकारले. सोय झाली, पण तेव्हापासून एकाच आकाराच्या टोकामागे अगदी वेगवेगळ्या कुवतीच्या केबली दडू लागल्या. २०१९ च्या यूएसबी४ मानकाचा पाया थंडरबोल्टच्याच तंत्रावर घातला गेला, त्यामुळे आज दोन्ही एकमेकांच्या बरेच जवळ आहेत.

फरक केबलच्या आत आहे. यूएसबी-सी टोकात २४ पिना असतात, पण त्या सगळ्यांना तार जोडलेली असलीच पाहिजे असे नाही. चार्जिंगसाठी मिळणाऱ्या बहुतेक केबलींत वीज नेणाऱ्या तारा, जोडणी ओळखण्याची एक तार आणि माहितीसाठी तारांची एकच जुनी जोडी असते. ही जोडी यूएसबी २.० ची आहे आणि तिची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट. वेगवान माहितीसाठी लागणाऱ्या तारांच्या आणखी चार जोड्या अशा केबलीत नसतातच. थंडरबोल्ट केबलीत त्या असतात: पाठवण्यासाठी दोन, घेण्यासाठी दोन. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत प्रत्येक जोडी २० गिगाबिट वाहते, म्हणून एका दिशेला ४० गिगाबिट होतात.

इतक्या वेगाचा संकेत तांब्यातून जाताना लांबीगणिक क्षीण होत जातो. त्यामुळे केबल लांब असेल तर तिच्या टोकांत संकेत पुन्हा घडवून पुढे पाठवणारी इलेक्ट्रॉनिक चिप बसवावी लागते. अशा केबलीला सक्रिय केबल म्हणतात. आत फक्त तारा असलेली निष्क्रिय केबल ४० गिगाबिटसाठी साधारण ०.८ मीटरपर्यंतच भरवशाची ठरते. चांगली थंडरबोल्ट केबल महाग आणि जाड असते, याचे कारण हे आहे.

शिवाय अशा केबलीत एक ओळखचिपही असते. जोडणी होताच संगणक तिला विचारतो की ही केबल किती वेग आणि किती वीज पेलू शकते. उत्तरानुसार संगणक आणि उपकरण दोघांनाही झेपेल तो वेग ठरतो. हा वेग अपेक्षेपेक्षा कमी निघाला तरी पुष्कळदा कसलीही सूचना पडद्यावर येत नाही. वापरणाऱ्याला फक्त काम संथ झालेले जाणवते आणि तो दोष ड्राइव्हला देतो.

बाहेरील ड्राइव्हच्या बाबतीत या संथपणाची किंमत नेमकी मोजता येते. समजा, लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याकडे ५०० गिगाबाइट फुटेज आहे आणि ते थंडरबोल्ट एसएसडीवरून लॅपटॉपवर घ्यायचे आहे. अशी ड्राइव्ह वाचताना सेकंदाला साधारण २,५०० मेगाबाइट देऊ शकते. त्या हिशेबाने काम २०० सेकंदांत, म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या आसपास उरकते. १० गिगाबिटच्या यूएसबी जोडणीवर प्रत्यक्षात १,००० मेगाबाइटच्या जवळपास वेग मिळतो आणि त्याच फुटेजला साडेआठ मिनिटांपेक्षा थोडा कमी वेळ लागतो. पण मधली केबल फक्त चार्जिंगची असेल तर वेग ४० मेगाबाइटच्या वर फारसा जात नाही. मग १२,५०० सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. ड्राइव्ह तीच, लॅपटॉप तोच, पोर्टही तेच.

हाही उशीर होतो तो ड्राइव्हला यूएसबीवर उतरता येत असेल तरच. थंडरबोल्ट ३ च्या सुरुवातीच्या काळातील काही ड्राइव्हमध्ये तशी सोयच नव्हती. सॅमसंगची एक्स५ ही त्यातलीच. तिला चार्जिंगची केबल लावली तर ती पडद्यावर दिसतच नाही आणि ड्राइव्ह बिघडली असा समज होतो. दुरुस्तीला नेण्याआधी केबल बदलून पाहावी.

याच्या नेमका उलटा सापळाही आहे आणि तो कमी लोकांना ठाऊक असतो. थंडरबोल्ट ३ च्या जमान्यातील दोन मीटरच्या सक्रिय केबली ४० गिगाबिट देत, पण त्यांतल्या अनेकींच्या टोकांतील चिप फक्त थंडरबोल्टचे संकेत हाताळत असे. त्यांना साधी १० गिगाबिटची यूएसबी एसएसडी जोडली की वेगवान यूएसबी चालत नसे आणि जोडणी थेट यूएसबी २.० वर येई. म्हणजे विजेचे चिन्ह आणि ३ चा अंक असलेली महागडी केबल त्या ड्राइव्हसाठी चार्जिंगच्या केबलीपेक्षा सरस ठरत नसे. ०.८ मीटरच्या निष्क्रिय थंडरबोल्ट ३ केबलीला हा दोष नाही. २०२० मध्ये आलेल्या थंडरबोल्ट ४ ने ही अडचण मिटवली. त्या चिन्हाच्या केबलीने दोन मीटरपर्यंत ४० गिगाबिट दिलेच पाहिजेत आणि यूएसबी, डिस्प्लेपोर्ट व चार्जिंग हेही सांभाळले पाहिजे. म्हणून आज नवी केबल घेताना ३ ऐवजी ४ अंकाची घ्यावी, जुनी उपकरणे असली तरीही. चिन्हाशेजारचा तो लहानसा अंक चिन्हाइतकाच वाचण्यासारखा आहे.

डॉकमध्ये प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो, कारण तिथे एकाच केबलीतून चार्जिंग, मॉनिटर, नेटवर्क आणि ड्राइव्ह असे सारे जायचे असते. चार्जिंग सोडून ही सगळी वाहतूक थंडरबोल्ट डॉक एकाच ४० गिगाबिटच्या प्रवाहात बांधून नेतो. त्याला चार्जिंगची केबल लावली तर लक्षणे ठरलेली असतात: लॅपटॉप चार्ज होतो, माऊस आणि कीबोर्डही पुष्कळदा चालतात, पण मॉनिटर काळे राहतात. वीज आणि यूएसबी २.० पोहोचते, वेगवान जोड्या मात्र नाहीत, हे त्यावरून कळते. अशा वेळी डॉकचे ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकत बसण्यात अर्थ नाही.

मधल्या दर्जाची केबल असेल तर दोष ओळखायला जास्त कठीण जाते. १० गिगाबिटच्या यूएसबीसाठी बनलेल्या चांगल्या निष्क्रिय केबलीवर थंडरबोल्ट जोडणी होऊ शकते, पण ४० ऐवजी २० गिगाबिटची. सेकंदाला ६० वेळा ताजे होणाऱ्या एका ४के मॉनिटरच्या नुसत्या चित्रबिंदूंनाच सुमारे १२ गिगाबिट लागतात. ३,८४० गुणिले २,१६० बिंदू, प्रत्येकी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे, असा हा हिशेब आहे. एक मॉनिटर २० गिगाबिटमध्ये आरामात बसतो. दुसरा जोडला की गरज २४ च्या पुढे जाते. मग दुसरा पडदा लागत नाही किंवा कमी रेझोल्यूशनवर लागतो, आणि ४० गिगाबिटची केबल लावताच दोन्ही नीट दिसू लागतात.

चिन्ह वाचताना दोन गोष्टींत गल्लत होते. लॅपटॉपच्या पोर्टजवळ यूएसबीच्या त्रिशूळासोबत छोटी वीज काढलेली असते. ती बहुधा लॅपटॉप बंद असतानाही त्या पोर्टवरून फोन चार्ज होईल असे सांगते, थंडरबोल्टशी तिचा संबंध नाही. थंडरबोल्टच्या विजेला बाणाचे टोक असते आणि ती एकटी असते. दुसरी गल्लत वॅटच्या आकड्याची. केबलीवर १०० किंवा २४० वॅट लिहिलेले असले म्हणून ती माहितीही वेगाने नेते असे नाही. ॲपलची २४० वॅटची चार्जिंग केबल यूएसबी २.० च्या वेगाचीच आहे. वॅट आणि गिगाबिट हे दोन वेगळे गुण आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे पाहावे लागतात.

चिन्ह नाही म्हणून केबल निकृष्टच, असा उलटा निष्कर्षही काढू नये. यूएसबीच्या संस्थेचे प्रमाणन असलेल्या आणि ४० गिगाबिटचा आकडा छापलेल्या यूएसबी४ केबली डॉक व ड्राइव्हसाठी चांगल्या चालतात. मात्र कोणतेच चिन्ह किंवा आकडा नसलेल्या केबलीबद्दल पाहून काहीच सांगता येत नाही. विजेचे चित्र तर कोणीही छापू शकतो. म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून घेतलेली केबल जोडून तपासणे हाच उपाय उरतो.

तपासणी सोपी आहे, पण त्यासाठी पलीकडच्या टोकाला थंडरबोल्ट उपकरण असावे लागते. मॅकवर System Information उघडून त्यातील Thunderbolt/USB4 विभागात जोडलेले उपकरण आणि त्याचा वेग पाहावा. ते उपकरण तिथे न दिसता USB विभागात ४८० मेगाबिट वेगाने दिसले, तर आधी केबलवर संशय घ्यावा. लिनक्सवर पुढील दोन आज्ञा पुरतात:

```
boltctl list
lsusb -t
```

पहिलीत `40 Gb/s = 2 lanes * 20 Gb/s` असे दिसले तर दोन्ही जोड्या पूर्ण वेगाने चालू आहेत. दुसरीत ड्राइव्हच्या ओळीच्या शेवटी `480M` आले तर ती यूएसबी २.० वर घसरली आहे. १० गिगाबिटच्या जोडणीला तिथे `10000M` दिसते.

जोडणी ४० गिगाबिटची दिसूनही कॉपी संथ असेल तर मात्र केबलला दोष देऊ नये. बहुतेक एसएसडीमध्ये लिहिण्यासाठी वेगवान जागेचा एक मर्यादित भाग असतो. मोठी फाइल लिहिताना तो भरला की वेग अचानक खाली येतो, आणि छोट्या डब्यातील ड्राइव्ह तापल्यावरही तसेच होते. सुरुवातीला वेग चांगला आणि काही मिनिटांनी पडला, तर कारण ड्राइव्हमध्ये असण्याची शक्यता जास्त. पहिल्या सेकंदापासून वेग ४० मेगाबाइटवर स्थिर असेल तर केबल बदलावी.

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ ने हा वेग दोन्ही दिशांना ८० गिगाबिटवर नेला आहे. मॉनिटरची गरज मोठी असेल तेव्हा तो एका दिशेला १२० आणि उलट दिशेला ४० असाही वाटता येतो. ५ अंकाची केबल जुन्या थंडरबोल्ट उपकरणांनाही चालते, फक्त त्यांचा स्वतःचा वेग तिच्यामुळे वाढत नाही.