नव्याण्णवची कुळकथा

शिवडीच्या लिव्हर कारखान्यात १९३४ साली साबण निघू लागला. तो कारखाना कधीच बंद पडला, पण छोटी वडी वाण्याकडे आजही बहुधा पाच-दहा रुपयांनाच मिळते. तिथून जवळच, लोअर परळच्या मॉलमध्ये, शर्टावर मात्र ९९९ची चिठ्ठी असते. नव्याण्णवात एवढी ताकद असेल, तर वडी नऊ रुपये नव्याण्णव पैशांना का नाही? कारण पैशाचं नाणं कुणाकडेच नसतं. म्हणून तिथे किंमत गोल ठेवून वडीचं वजन उतरवतात. युक्ती एकच: गिऱ्हाईक जिथे पाहत नाही, तिथे बदल करायचा.

या आकड्याचा जन्म अमेरिकेतल्या गल्ल्यात झाला असं सांगतात. डेटनच्या जेम्स रिटीने १८७९ साली नोंद करणाऱ्या गल्ल्याचं पेटंट घेतलं. एक सेंट परत द्यायचा तर नोकराला गल्ला उघडावा लागे आणि पैसे परस्पर खिशात जात नसत. गोष्ट पटण्याजोगी आहे, पण आज यूपीआयने पैसे देताना सुटे द्यावे लागत नाहीत, तरी ९९९ जागचा हललेला नाही. आपल्याकडे ९९.९५सारखे आकडे बाटाच्या दुकानांनी घरोघरी पोचवले. ते टिकले, कारण आपण आकडा डावीकडून वाचतो. थॉमस आणि मॉर्विट्झ यांनी २००५ साली दाखवलं, की २.९९ हा ३.००पेक्षा बराच स्वस्त वाटतो, ३.५९ आणि ३.६० यांत मात्र तसं होत नाही, कारण डावा अंक बदलत नाही. ‘हे तर सगळ्यांना ठाऊक आहे,’ असं कुणी म्हणेल. असेलही, पण विचार सुरू होण्याआधीच डावा अंक मनात बसलेला असतो.

आमिषाची किंमत याहून धूर्त. समजा, सिनेमागृहात पॉपकॉर्न लहान १९९, मधला ३४९, मोठा ३७९. मधला विकायला ठेवलेलाच नाही; तो मोठ्याला स्वस्त दाखवायला उभा आहे. ह्यूबर, पेन आणि प्यूटो यांनी १९८२ साली हा परिणाम मांडला. २०१४ साली फ्रेडरिक आणि सहकाऱ्यांना मात्र तो आकड्यांऐवजी चित्रं किंवा प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवल्यावर फारसा आढळला नाही. म्हणजे आमिष सर्वशक्तिमान नाही. पण दरफलकावर आकडेच असतात, आणि तिथेच त्याचं फावतं.

तेव्हा मधला आकडा बोटाने झाका आणि विचारा: आणखी १८० रुपयांचे पॉपकॉर्न मला हवेत का? इथे ग्रॅमचा भाव उलट फसवतो, कारण तो मोठ्याकडेच ढकलतो. साबण, तेल, डाळ अशा टिकणाऱ्या आणि संपणाऱ्या मालाला मात्र तोच खरा. २०२४च्या जानेवारीपासून वेष्टनांवर एककाचा भाव छापणं सक्तीचं आहे. तो एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरांत असतो; वडी उचलताना आधी तो वाचा.