दुकान बंद असताना : पोच, उत्तर आणि सकाळची यादी
(प्रस्तावना)

सरकारी कचेरीत अर्ज दिला की आवक शाखेतला कारकून आपल्या प्रतीवर शिक्का मारून ती परत देतो. ही पोच. पोच हातात आली म्हणजे काम झाले, असे कोणताही शहाणा अर्जदार मानत नाही. तो पुढच्या आठवड्यात पुन्हा चौकशीला जातो. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री आलेल्या निरोपाला आपोआप जाणारे ‘सध्या आम्ही बंद आहोत’ हे उत्तर अगदी याच जातीचे आहे. ती पोच आहे, उत्तर नव्हे. ग्राहकाला हे कळते. गंमत अशी की ती व्यवस्था उभारणाऱ्याला पुष्कळदा कळत नाही, आणि या विषयातल्या बहुतेक चुका तिथूनच निघतात. पुढील पाने वाचणाऱ्याने एवढा एक भेद मनाशी पक्का धरला, तर बाकीचे फारसे अवघड नाही.

विषय व्हॉट्सअ‍ॅपहून जुना आहे. एरिक ऑलमन यांनी बीएसडी युनिक्ससाठी `vacation` नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला, तो १९८० च्या दशकातला. मालक रजेवर असताना आलेल्या प्रत्येक ईमेलला तो ‘मी रजेवर आहे’ असे कळवी. पण एकाच माणसाला आठवड्यातून एकदाच. कोणाला कधी कळवले याची तो वेगळी नोंद ठेवी. २००४ साली आलेल्या आरएफसी ३८३४ या दस्तऐवजाने हा संयम सगळ्यांसाठी लिहून काढला आणि आपोआप गेलेल्या ईमेलवर `Auto-Submitted` ही खूण लावायला सांगितले. कारण उघड होते. दोन रजेवरची माणसे एकमेकांना आपोआप कळवत बसली, तर ती देवाणघेवाण कधी थांबायचीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर समोरून आलेला निरोप माणसाने लिहिला की यंत्राने, हे सांगणारी अशी खूण आपल्यापर्यंत येत नाही. म्हणून तिथे ‘एका बंद वेळेत एका माणसाला एकच पोच’ हा जुना नियम अधिकच कसोशीने पाळावा लागतो. ग्राहकाने एकामागोमाग सहा फोटो पाठवले आणि त्याला सहा वेळा ‘आम्ही बंद आहोत’ आले, तर तो सातवा पाठवणार नाही.

आता एक दुकान डोळ्यांसमोर घेऊ. दुकान कल्पित आहे, जागा खरी : जयपूरचे आदर्श नगर, राजापार्कच्या बाजारालगतची वस्ती. इथे जयपुरी रजया आणि सांगानेरी छापाच्या चादरी विकणारे एक दुकान आहे असे समजू. गिऱ्हाईक गल्लीतलेही आहे आणि पुण्या-नाशिकचेही, आणि बाहेरगावचे बरेचसे रात्री जेवणे उरकल्यावर फोटो पाहून भाव विचारणारे. वेळ सकाळी १०.३० ते रात्री ८, रविवारी सुट्टी.

एवढ्या दुकानाला खरे तर २०१८ च्या जानेवारीत आलेले व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचे मोफत अ‍ॅप पुरते. त्यात दुकानाच्या वेळा भरायच्या, बंद वेळेचा निरोप लिहायचा आणि ‘कामाच्या वेळेबाहेर’ हा पर्याय निवडायचा, झाले. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. निरोप जायला त्या फोनला इंटरनेट चालू असावे लागते, म्हणून दुकानाचा फोन रात्री बंद करून गल्ल्यात ठेवणाऱ्याची पोच जात नाही. दुसरे म्हणजे, सकाळी कोणाचे उत्तर राहिले हे ते अ‍ॅप आपण होऊन सांगत नाही. दहा-बारा निरोप असतील तर ते डोळ्यांनी दिसतात. साठ-सत्तर होऊ लागले, दोन-तीन माणसे एकाच नंबरवरून बोलू लागली, की दुकान बिझनेस प्लॅटफॉर्मकडे वळते आणि व्यवस्था स्वतः बांधावी लागते. आपला विषय इथून सुरू होतो.

पहिली अडचण घड्याळाची, आणि ती लवकर आटोपते. प्रत्येक निरोपाबरोबर येणारी `timestamp` ही सेकंदांची जागतिक गणना असते. सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर चालते, भारतापेक्षा साडेपाच तास मागे. वेळ `Asia/Kolkata` मध्ये बदलून न घेता तशीच तपासली, तर १०.३० ते ८ हे दुकान यंत्राच्या मते दुपारी ४ ला उघडते आणि मध्यरात्रीनंतर दीडला बंद होते. हे ओळखायची खूण सोपी आहे : भर दुपारी बारा वाजता, काउंटरवरचा माणूस उत्तर टाइप करत असतानाच, ग्राहकाला ‘आम्ही बंद आहोत’ जाते.

पोचेचा मजकूरही घड्याळावरच बेतावा लागतो. ‘लवकरच संपर्क करू’ यात वेळ नाही, आणि ‘उद्या सकाळी’ हे शनिवारी रात्री खोटे ठरते. दुकान पुढच्या वेळी केव्हा उघडणार ते काढून तेच लिहावे : ‘तुमचा निरोप मिळाला. दुकान आता बंद आहे, सोमवारी १०.३० ला उघडेल. दुपारी १२ पर्यंत उत्तर देऊ. डिझाइनचा फोटो आणि मापे पाठवून ठेवल्यास सोपे जाईल.’ शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यामुळे सकाळी उत्तर देणाऱ्याला पुन्हा विचारत बसावे लागत नाही.

आता मुख्य गाठ. सकाळी यंत्राला विचारायचे : कोणाचे उत्तर राहिले? सहज सुचणारी व्याख्या अशी की ज्या संवादात शेवटचा निरोप ग्राहकाचा आहे, तो अनुत्तरित. दिसायला बिनचूक. पण रात्री ९ ला ग्राहकाने भाव विचारला आणि त्याच मिनिटाला आपली पोच गेली. म्हणजे शेवटचा निरोप आपला झाला. या व्याख्येने रात्रीचे सगळे संवाद ‘उत्तर दिले’ या खात्यात जमा होतात आणि सकाळची यादी रिकामी येते. यादी रिकामी पाहून मालक खूश होतो, हे आणखी वाईट.

उपाय एवढाच, की निरोप पाठवणाऱ्याचे दोन नव्हे, तीन प्रकार नोंदवायचे : ग्राहक, माणूस आणि यंत्र. मग यंत्राला मोजणीतून वगळायचे.

```sql
SELECT chat FROM messages
GROUP BY chat
HAVING MAX(CASE WHEN sender='customer' THEN at END)
  > COALESCE(MAX(CASE WHEN sender='staff' THEN at END), 0);
```

इथे `at` म्हणजे सेकंदांतली वेळ. ग्राहकाचा शेवटचा निरोप दुकानातल्या माणसाच्या शेवटच्या निरोपानंतरचा असेल, तर संवाद यादीत येतो. `auto` म्हणून नोंदलेल्या पोचेला या हिशेबात स्थानच नाही. याचा आणखी एक फायदा होतो. ७.५५ ला आलेला आणि दुकान आवरण्याच्या घाईत राहून गेलेला निरोप कामाच्या वेळेतला, म्हणून त्याला पोच जात नाही. ज्यांनी सकाळची यादी ‘रात्री कोणाकोणाला पोच गेली’ यावरून केली, त्यांच्याकडून हा ग्राहक कायमचा निसटतो. पोच एका नियमाने जावी आणि यादी दुसऱ्या नियमाने निघावी. दोघींनी एकमेकींवर विसंबू नये.

आता शनिवार. बिझनेस प्लॅटफॉर्मवर ग्राहकाच्या शेवटच्या निरोपापासून २४ तासच दुकानाला मोकळेपणाने लिहिता येते. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला साचा, ज्याला टेम्प्लेट म्हणतात, तो पाठवता येतो. आणि त्याला पैसे पडतात. समजा नाशिकहून एका बाईंनी शनिवारी रात्री ८.४० ला डबल रजईचा भाव विचारला. त्यांची ही २४ तासांची खिडकी रविवारी रात्री ८.४० ला मिटते. दुकान उघडते सोमवारी १०.३० ला, म्हणजे ३७ तास ५० मिनिटांनी. दुकानातल्या माणसाने सोमवारी प्रेमाने लिहिलेले उत्तर `131047` हा एरर देऊन परत येते. तो नोंदीत बघितलाच नाही, तर उत्तर गेले अशा समजुतीत दुकान राहते.

यावर लोक एक युक्ती करतात : पोचेलाच ‘सोमवारी चालेल’ असे बटण जोडतात, कारण ग्राहकाने बटण दाबले की तो त्याचा निरोप धरला जातो आणि २४ तास नव्याने सुरू होतात. युक्ती बरोबर, वेळ चुकीची. शनिवारी ८.४१ ला दाबलेले बटण रविवारी ८.४१ पर्यंतच पुरते. सोमवारी १०.३० ला खिडकी उघडी हवी असेल, तर बटण रविवारी १०.३० नंतर दाबले गेले पाहिजे. म्हणून शनिवारी रात्रीच्या अनुत्तरित निरोपांना रविवारी संध्याकाळी ६ च्या सुमारास, खिडकी मिटण्याआधी, एक छोटा निरोप पाठवावा : ‘डबल रजईच्या भावाचा तुमचा प्रश्न आमच्याकडे आहे. सोमवारी १२ पर्यंत कळवले तर चालेल?’ खाली दोन बटणे, ‘चालेल’ आणि ‘आता नको’. बाईंनी ६.१५ ला ‘चालेल’ दाबले, तर सोमवारी संध्याकाळी ६.१५ पर्यंत मोकळीक. नाही दाबले, तर सोमवारी टेम्प्लेट. तो टेम्प्लेट त्यांच्या विचारणेपुरताच ठेवावा. त्यात सवलतीची एक ओळ घुसवली की तो जाहिरातीच्या वर्गात जातो. आणि बटण दाबण्याची घटना बंद वेळेतलीच असल्यामुळे, एका बंद वेळेत एकच पोच हा नियम पाळलेला नसेल, तर बाईंना ‘चालेल’च्या उत्तरात पुन्हा ‘दुकान बंद आहे’ मिळेल.

राहिली सकाळ. यादी निघाली की यंत्राने लगेच सगळ्यांना ‘आम्ही उघडलो आहोत’ असे पाठवून द्यावे, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. ग्राहकाचा शेवटचा निरोप ‘धन्यवाद’ असला किंवा नुसता अंगठा असला, तरी वरच्या हिशेबात तो अनुत्तरितच ठरतो. आणि ज्याचे काम कालच झाले त्याला सकाळी ‘तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो’ असे गेले, तर ते हास्यास्पद दिसते. शब्द ओळखून अशा निरोपांना वगळण्याचे प्रयोग आहेत, पण ‘ठीक आहे’ म्हणणारा मराठी माणूस समाधानी आहे की रुसला आहे, हे यंत्राला कसे कळावे? यादी आधी माणसासमोर यावी, सर्वांत जुना निरोप वर. त्याने अर्ध्या तासात ज्यांना हात लावला नाही, त्यांनाच ११ वाजता आपोआप निरोप जावा; आणि तो जाण्याच्या क्षणी वरची तपासणी पुन्हा व्हावी, कारण त्या अर्ध्या तासात कोणीतरी उत्तर दिलेले असू शकते. ही शेवटची तपासणी वगळली, की ग्राहकाला भाव सांगून झाल्यावर दोन मिनिटांनी ‘उशिराबद्दल क्षमस्व’ येते.

पुढील प्रकरणांत सणांच्या सुट्ट्या, दोनदा पोहोचलेले निरोप आणि परदेशातले ग्राहक यांचा विचार आहे. ती वाचण्याआधी वाचकाने एक करावे. आपली व्यवस्था चालू असेल, तर येत्या शनिवारी रात्री दुकान बंद झाल्यावर दुसऱ्या फोनवरून तिला एक साधा प्रश्न विचारावा, आणि सोमवारी दुपारी बारापर्यंत काय येते ते घड्याळ लावून पाहावे.