डिस्चार्ज कार्ड कसं वाचायचं? गोळ्या, पुढची तपासणी आणि धोक्याच्या खुणा

नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, तिथे येणारे बरेच रुग्ण लांबच्या तालुक्यांतले असतात. सुट्टी मिळाली की त्यांच्या घरच्यांच्या हातात बिल, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड येतं. पुढचे काही आठवडे घरात या कार्डाच्याच आधारे काढायचे असतात. एक उदाहरण घेऊन ते समजून घेऊ.

समजा, किनवटच्या 62 वर्षांच्या गृहस्थांना हार्ट अटॅक आला. नांदेडला अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला आणि पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. कार्डावर लिहिलंय: अ‍ॅस्पिरिन 75, 0-1-0, टिकाग्रेलॉर 90, 1-0-1, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 40, 0-0-1, टेल्मिसार्टन 40, 1-0-0.

1-0-1 म्हणजे काय?

पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा आणि शेवटचा रात्रीचा. म्हणजे टिकाग्रेलॉर सकाळी एक आणि रात्री एक. काही कार्डांवर आकड्यांऐवजी ओडी (दिवसातून एकदा), बीडी (दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस (झोपताना) असं लिहितात. एसओएस म्हणजे रोज नाही, त्रास झाला तरच.

गोळी किती दिवस घ्यायची, हेही पाहा. मेडिकलमधून दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या म्हणून कोर्स दहा दिवसांचा होत नाही. स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर ही जोडी साधारण वर्षभर चालते. बरं वाटतंय म्हणून ती मध्येच थांबवली, तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं.

घरातल्या जुन्या गोळ्यांचं काय?

खरी चूक इथे होते. या गृहस्थांना गावातल्या डॉक्टरांनी बीपीची गोळी आधीच सुरू केली होती. तिच्या पाकिटावर कंपनीचं वेगळं नाव आहे, पण खाली बारीक अक्षरांत ‘टेल्मिसार्टन’च लिहिलंय. घरचे जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या देत राहिले, तर बीपी फार उतरून चक्कर येऊ शकते. गुडघेदुखीची डायक्लोफिनॅकही घरात असते. ती अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉरसोबत घेतली, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अटॅकनंतर हृदयासाठीही ती चांगली नाही.

म्हणून जुन्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून सुट्टीच्या दिवशी रुग्णालयात न्या. प्रत्येक पाकिटावर डॉक्टरांकडून ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहून घ्या. पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं असतं. कार्डाशी जुळवायचं ते खालचं, औषधाचं नाव.

पुन्हा कधी दाखवायचं?

कार्डावर ‘7 दिवसांनी फॉलोअप’ एवढंच असेल, तर तारीख, ओपीडीचा वार आणि डॉक्टरांचं नाव विचारून लिहून घ्या. मोठ्या शासकीय रुग्णालयांत प्रत्येक युनिटच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात. किनवटहून शंभरहून अधिक किलोमीटर येऊन ‘आज तुमचे डॉक्टर नाहीत’ ऐकायला नको. येताना कोणती रक्ततपासणी करून आणायची, तेही विचारा. टेल्मिसार्टन नव्याने सुरू केलं असेल, तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगू शकतात.

उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले असतील, तर सुट्टीनंतरची औषधं आणि तपासणी किती दिवस मोफत आहे, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला निघण्याआधीच विचारा.

कधी थांबायचं नाही?

‘कंडिशन अ‍ॅट डिस्चार्ज: स्टेबल’ याचा अर्थ रुग्ण घरी जाण्याइतका स्थिर आहे, पूर्ण बरा झाला असा नाही. या उदाहरणात पुढच्यापैकी काहीही दिसलं, तर ओपीडीची तारीख येण्याची वाट पाहायची नाही:

- छातीत दुखणं किंवा दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ
- आडवं झाल्यावर दम लागणं, शुद्ध हरपणं
- डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी
- मनगटात किंवा जांघेत जिथून तार घातली तिथून रक्त येणं. तिथे घट्ट दाबून धरा.

108 वर फोन करा. रुग्णवाहिका आली की आधी डिस्चार्ज कार्ड दाखवा. स्टेंट कधी बसला आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते त्यातून लगेच कळतं.

टिकाग्रेलॉरमुळे काहींना थोडा दम लागल्यासारखं वाटतं. तेवढ्यासाठी गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.

कार्डावर धोक्याच्या खुणा किंवा संपर्काचा नंबर लिहिलेला नसेल, तर वॉर्ड सोडण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. मग कार्डाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो घरात गोळ्या देणाऱ्या प्रत्येकाला पाठवा.