नोटीस पीरियड आणि रुजू होण्याची तारीख : अर्जात नेमके काय लिहावे?

नोकरीत असलेला उमेदवार दुसरीकडे अर्ज करतो तेव्हा ‘आपण केव्हा रुजू होऊ शकाल?’ हा प्रश्न त्याला अडचणीत टाकतो. दोन महिने म्हटले तर अर्ज बाजूला पडेल अशी धास्ती वाटते आणि ‘तत्काळ’ म्हटले तर पुढे शब्द पाळता येत नाही. वास्तविक अर्ज कमकुवत होतो तो मुदत दीर्घ असल्याने नव्हे, तर ती मोघम किंवा अविश्वसनीय वाटल्याने.

प्रथम स्वतःचे नियुक्तिपत्र काढून वाचावे. परिविक्षाकाळातील आणि कायम झाल्यानंतरची मुदत पुष्कळदा वेगवेगळी असते, त्यामुळे कायम केल्याचे पत्रही पाहावे. मुदतीऐवजी वेतन भरून लवकर मुक्त होण्याची सोय आहे का, ती रक्कम मूळ वेतनावर मोजतात की एकूण वेतनावर, आणि शिल्लक अर्जित रजा मुदतीत वळती होते का, या तीन गोष्टींची नोंद करावी. रजा वळती करणे हा बहुधा कंपनीच्या मर्जीचा भाग असतो. तो हक्क समजून तारीख देऊ नये.

उदाहरण घेऊ. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथील एक पदविकाधारक तरुण वाळूजच्या कारखान्यात गुणवत्ता निरीक्षक आहे आणि तो चाकणच्या कंपनीकडे अर्ज करतो आहे. त्याची मुदत 60 दिवसांची आहे. अर्ज 3 ऑगस्टला केला म्हणून तो 2 ऑक्टोबरला मोकळा होईल, असा हिशेब बहुतेक जण करतात. तो चुकीचा आहे. मुदत अर्जापासून नव्हे, राजीनाम्यापासून सुरू होते. आणि राजीनामा लेखी ऑफर लेटर हाती आल्यावरच द्यावयाचा असतो. मुलाखती होऊन 24 ऑगस्टला ऑफर लेटर मिळाले व 25 ऑगस्टला राजीनामा दिला, तर दुसऱ्या दिवसापासून मोजलेले 60 दिवस 24 ऑक्टोबरला संपतात. चाकणला बिऱ्हाड हलविण्यास तीन-चार दिवस धरले तर 28 ऑक्टोबर ही खरी तारीख ठरते. अर्जातल्या हिशेबात ती 26 दिवसांनी चुकली असती.

म्हणून अर्जात ठरावीक तारखेऐवजी ऑफर लेटरपासूनचे दिवस लिहावेत. वाक्य असे असावे : ‘माझा नोटीस पीरियड 60 दिवसांचा असून, ऑफर लेटर मिळाल्यापासून 65 दिवसांत मी रुजू होऊ शकेन. आपणास निकड असल्यास मुदत कमी करण्याची विनंती मी सध्याच्या कंपनीकडे करीन.’ दुसऱ्या वाक्यात ‘विनंती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यात तयारी दिसते, पण दुसऱ्याच्या हातातील गोष्टीचे वचन दिले जात नाही. अर्जात तारीखच मागितली असेल, तर ऑफर लेटर अमुक दिवसापर्यंत मिळाल्यास, अशी अट जोडून ती द्यावी.

हा मजकूर अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात यावा. आरंभी येऊ नये, कारण वाचणाऱ्याने आधी अनुभव पाहावा. कापूस वेचणी, घरचे लग्न अशी कारणे लिहू नयेत. ते दिवस तारखेतच धरावेत. नोकरीच्या संकेतस्थळांवर ‘सर्व्हिंग नोटीस पीरियड’ असा पर्याय असतो. तो राजीनामा दिलेल्यांसाठी आहे. राजीनामा न देता तो निवडणे म्हणजे खोटी माहिती देणे होय.

घाईने दिलेली तारीख कोठे उघडी पडते? रुजू होताना नवी कंपनी कार्यमुक्तीचे पत्र मागते. मुदत अर्धवट सोडणाऱ्यास ते अडविले जाऊ शकते आणि अखेरच्या हिशेबातून वेतन कापले जाऊ शकते. शिवाय भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात जुन्या नोकरीची अखेरची व नव्या नोकरीची पहिली तारीख नोंदली जाते. दोन्ही नोकऱ्यांचे दिवस एकमेकांवर आले तर पुढे निधी वर्ग करताना स्पष्टीकरण मागितले जाऊ शकते.

वेतन भरून मुक्त होण्याची किंमतही आधी मोजावी. या तरुणाचे मूळ वेतन 18,000 रुपये व एकूण वेतन 30,000 रुपये असेल, तर 30 दिवसांसाठी त्याला करारानुसार यांपैकी एक रक्कम भरावी लागेल. ती नवी कंपनी देईल का, हे अर्जात विचारू नये. निवड झाल्यावर, ऑफर लेटर स्वीकारण्यापूर्वी विचारावे व उत्तर लेखी घ्यावे.

आठवड्याभरात माणूस हवा असलेल्या जागी 60 दिवसांचा उमेदवार कितीही नेटके लिहिले तरी बसत नाही. तेथे नकार अर्जाच्या वेळीच मिळणे बरे, कारण तोवर वाळूजची नोकरी त्याच्या हाती असते.