सुभेदार पिलात आणि नाबोथाचे वतन
बायबल सोसायटीच्या मराठी भाषांतरांची वाटचाल

मुंबईत बायबल सोसायटीची शाखा १८१३ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबई बंदरात उतरले होते. मराठी शुभवर्तमान त्याआधीच छापले गेले होते, पण ते दूर बंगालात. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये श्रीरामपूरहून मत्तयाचे शुभवर्तमान काढले आणि पुढे १८११ मध्ये नवा करार. मुंबई-कोकणच्या माणसाला ती भाषा परकी वाटे. म्हणून हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम नव्याने हाती घेतले. १८१७ च्या सुमारास मिशनचा छापखाना चालू झाला आणि १८२६ मध्ये नवा करार पूर्ण झाला. हॉल त्याच वर्षी पटकीने गेले. जुना करार पुरा व्हायला मात्र शतकाचा मध्य उजाडला.

या भाषांतरांत फारसी-अरबी शब्द बरेच आहेत. ते का आहेत, याचे ठरीव उत्तर ‘मुसलमानी अमलाचा परिणाम’ असे दिले जाते. मला ते अपुरे वाटते. हेन्री मार्टिन यांचा उर्दू नवा करार १८१४ मध्ये आला. उर्दू बायबलात श्रद्धेचे शब्दच अरबी आहेत : ईमान, गुनाह, नजात. मराठीत तसे घडले नाही. देव, परमेश्वर, पाप, तारण, विश्वास, पवित्र आत्मा, शिष्य ही सगळी देवघराची भाषा संस्कृत वळणाचीच राहिली. फारसी-अरबी आली ती कचेरीच्या दाराने. सुभेदार, जकातदार, सरदार, सरकारवाडा, फर्मान, खोजा, वकील, साक्षीदार, जामीन, वारस, वतन, करार हे शब्द पाहा. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि नवा करार १८२६ चा. कारभाराची मराठी तेव्हा हीच होती. जमीन, कर, न्याय, शिक्षा यांबद्दल बोलताना कुणबी, कुलकर्णी आणि मामलेदार हेच शब्द वापरत. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशात अशा शब्दांपुढे फारसी किंवा अरबी मूळ दाखवणारी खूण आहे, पण शब्द म्हणून ते मराठीच्या यादीतच आहेत.

सोसायटीच्या पुढच्या वाटचालीत यांतले काही शब्द टिकले, काही गळाले. ही गळती कशी झाली ते पिलाताच्या उदाहरणावरून नीट समजते.

घरोघरी पोचलेल्या जुन्या वळणाच्या मराठी बायबलात पंतय पिलात ‘सुभेदार’ आहे. येशूला कयफाकडून नेतात ते ‘सरकारवाड्यात’. लूकच्या दुसऱ्या अध्यायातली शिरगणती होते तेव्हा क्विरीनिय हाही सूरियाचा सुभेदारच असतो. १८२६ च्या वाचकाला यात काहीच अडत नव्हते. सुभा म्हणजे प्रांत आणि सुभेदार म्हणजे त्या प्रांताचा मुख्य अधिकारी. मल्हारराव होळकरांना लोक सुभेदार म्हणत. रोमच्या कैसराने दूरच्या प्रांतावर नेमलेला अधिकारी, ज्याच्या हाती वसुलीही आहे आणि फाशीही, त्याला याहून नेमका शब्द त्या काळच्या मराठीत सापडला नसता.

पण कंपनीच्या फौजेने हा शब्द उचलला आणि शेवटी तो हिंदी अधिकाऱ्याचा हुद्दा केला. पलटणीतल्या एका कंपनीवरचा हिंदी शिपायांचा अधिकारी तो सुभेदार. सुभेदार रामजी सकपाळ म्हटले की आपल्याला लष्करातला माणूस दिसतो, प्रांताधिपती दिसत नाही. आता पिलाताच्याच कथेत पुढे क्रुसाजवळ उभा असलेला रोमन अधिकारी आहे, शंभर शिपायांचा नायक. त्याला मराठी बायबल ‘शताधिपती’ म्हणते. आजच्या वाचकाच्या मनातला सुभेदार पिलातापेक्षा या शताधिपतीच्या अधिक जवळचा आहे. म्हणजे शब्द तोच राहिला, पण त्याने कथेतले दुसरेच पात्र समोर उभे केले. मग सोप्या मराठीतल्या नव्या भाषांतरांनी ‘राज्यपाल’ घेतला, यात नवल नाही. राज्यघटनेनंतर तो शब्द रोजच्या वर्तमानपत्रातला झाला होता.

तरी राज्यपालाने सगळे साधले असे नाही. आपला राज्यपाल शपथ देतो, अभिभाषण करतो. तो कोणाला फटके मारवत नाही की क्रुसावर पाठवत नाही. सुभेदार या शब्दातली जरब त्यात नाही. इथे बदल आवश्यक होता, हे मान्य करूनही नुकसान नोंदवले पाहिजे.

‘वतन’ या शब्दाचे नुकसान मला याहून मोठे वाटते. पहिल्या राजांच्या एकविसाव्या अध्यायात नाबोथाची कथा आहे. राजा अहाब त्याचा द्राक्षमळा मागतो, बदली चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो. नाबोथ नकार देतो, कारण ते वाडवडिलांचे वतन आहे. राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करवते. ‘वतन’ म्हटले की मराठी माणसाला नकाराचे कारण समजावून सांगावे लागत नसे. वतन एकट्याच्या मर्जीने मोडायची वस्तू नव्हती, त्यात भाऊबंद आणि गोत यांचा हात असे. मुंबई सरकारच्या १८७४ च्या वतन कायद्यानेही ते कुटुंबाबाहेर जाण्यावर बंधने घातली. त्याच्या जागी ‘मालमत्ता’ घातली की नाबोथ हट्टी वाटू लागतो. ‘पूर्वजांची जमीन’ हा पर्याय बरा, पण त्यात हक्काबरोबरचे कर्तव्य येत नाही.

या शब्दाला दुसरीही बाजू आहे. अहमदनगर भागात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांनी वतन पाहिले होते ते महारवतन : वेसकरी, सरकारी सांगावे पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने गेली. डोंगरावरील प्रवचनात नम्र लोकांना पृथ्वी वतन म्हणून मिळेल, असे आश्वासन आहे. गावकीचे ओझे वाहणाऱ्या माणसाने ते ऐकले तेव्हा त्याच्या मनात काय उलथापालथ झाली असेल, ती ‘वारसा’ या सपाट शब्दातून पोचत नाही.

टिकलेल्या शब्दांकडे पाहिले की नियम स्पष्ट होतो. वारस, साक्षीदार, जामीन, वकील यांना कोणी हात लावला नाही, कारण कोर्टात आणि तलाठ्याच्या दप्तरात ते आजही चालतात. ज्यांचे खाते बंद झाले ते शब्द गेले. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीचा वाटा यात आहेच, पण तो दुय्यम आहे. शुद्धीच निर्णायक असती तर सर्वांत आधी ग्रंथाच्या नावातला अरबी ‘करार’ गेला असता. हिंदीने ‘नियम’ घेतला. मराठीत मात्र जुना करार आणि नवा करार कायम आहेत.

सोसायटीच्या बाहेरही काम झाले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनने पुरे छापले. गावातल्या साध्या बाईला कळावे, हा त्यांचा आग्रह होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० चे. सोसायटी स्वतः १९४४ पासून भारतीय बायबल सोसायटीचा भाग झाली.

पुढची सुधारित आवृत्ती निघेल तेव्हा पिलाताला राज्यपाल खुशाल म्हणावे. वतन मात्र मूळ मजकुरात ठेवून तळटीपेत समजावावे. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबांचे जुने बायबल आहे, त्यांनी ते रद्दीत देऊ नये. जवळच्या ग्रंथालयाला द्यावे, आणि त्याआधी त्यातली नाबोथाची कथा एकदा मोठ्याने वाचावी.