महिनाभर उघडला नाही तरी काहीच बुडत नाही, असा गेम कसा ओळखायचा?

परीक्षा संपते, लग्नाची धावपळ सरते आणि महिनाभराने तुम्ही फोनवरचा गेम उघडता. समोर काय येतं? 'डे 1' पासून पुन्हा सुरू झालेली लॉगिन बक्षिसांची पट्टी, संपून गेलेला सीझन आणि मित्रांकडे असलेली पण आता आपल्याला कधीच न मिळणारी एखादी स्किन. गेम बाजूलाच राहतो, आधी आपण मागे पडलोय हे कळतं. अनेकजण इथेच गेम डिलीट करतात.

यावर नेहमीचा सल्ला असतो की नोटिफिकेशन बंद करा. पण त्याने फक्त आठवण येणं थांबतं. इव्हेंट संपायचा तेव्हा संपतोच, स्ट्रीक तुटायची तेव्हा तुटतेच. खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो गेम घेण्याआधी विचारायचा असतो: हा गेम कोणाच्या घड्याळावर चालतो?

एकच शेती, दोन घड्याळं

फार्मव्हिल आठवतो? 2009 मध्ये फेसबुकवर आलेला, ज्याच्या रिक्वेस्टनी तेव्हा सगळे वैतागले होते तो. त्यात पिकं खऱ्या वेळेनुसार वाढायची. स्ट्रॉबेरी लावली की 4 तासांनी तयार, आणि वेळेत काढली नाही की वाळून जायची. म्हणजे तुम्ही ऑफिसमध्ये असा नाहीतर झोपलेले, शेतातलं घड्याळ चालूच. 31 डिसेंबर 2020 ला तो गेम बंद झाला, पण 'वेळेवर या, नाहीतर नुकसान' ही त्याची पद्धत आजच्या मोबाइल गेममध्ये सगळीकडे दिसते.

आता दुसरी शेती बघा. स्टारड्यू व्हॅली हा गेम 2016 मध्ये आला. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने तो चार वर्षांहून जास्त काळ खपून बनवला. यातही पिकं आहेत, ऋतू आहेत, सण आहेत, आणि ऋतू बदलला की त्या ऋतूतली पिकं मरतातही. पण हे सगळं गेमच्या आतल्या घड्याळावर चालतं. आतली 10 मिनिटं म्हणजे आपले सुमारे 7 सेकंद. सकाळी 6 ते रात्री 2 असा एक दिवस म्हणजे आपली साधारण 14 मिनिटं. 28 दिवसांचा एक ऋतू, चार ऋतूंचं एक वर्ष. गेम बंद केला की हे घड्याळ थांबतं.

समजा, तुमच्या शेतात वसंत ऋतूतली 12 तारीख आहे. तुमचं पात्र झोपलं, गेम सेव्ह झाला आणि तुम्ही फोन ठेवला. मग तीन महिने तिकडे फिरकलाच नाहीत. परत उघडाल तेव्हा आत 13 तारखेची सकाळ असेल. फ्लॉवरची रोपं तशीच, गाय तशीच.

त्या दिवशी गावात 'एग फेस्टिव्हल' असतो आणि तिथे स्ट्रॉबेरीचं बी 100 नाण्यांना मिळतं. पहिल्या वर्षी स्ट्रॉबेरीचं बी घ्यायची हीच मुख्य संधी. त्याच रात्री लावून रोज पाणी घातलं तर 8 दिवसांनी, म्हणजे 21 ला पहिलं फळ येतं, मग 25 ला दुसरं. साधं फळ 120 ला विकलं जातं, म्हणजे 100 चे 240 झाले.

आणि सण चुकलाच तर? हा सुद्धा मर्यादित वेळेचाच इव्हेंट की! फरक एवढाच, की तो पुढच्या वसंतात पुन्हा येतो आणि तो वसंत कधी आणायचा हे तुमच्या हातात असतं. प्रत्येक दिवस पूर्ण खेळलात तर गेममधलं एक वर्ष सुमारे 26 तासांचं होतं. पण पात्राला लवकर झोपवता येतं, त्यामुळे घाई असेल तर दिवस भराभर सरतात. ऑनलाइन गेममध्ये गेलेला सीझन परत आणायचं असं कुठलंच बटण नसतं.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचा आत्मा येऊन तुमच्या शेताला गुण देतो. हे कळल्यावर खूपजण घाबरतात, इंटरनेटवर 'परफेक्ट पहिलं वर्ष' वगैरे शोधायला लागतात. गरज नाही. गुण कमी पडले तर नंतर त्यांच्या स्मारकावर एक हिरा ठेवायचा, आजोबा पुन्हा तपासायला येतात. कितीही वेळा.

पैसे दिले म्हणजे सुटका, असं नाही

'विकतचा गेम घ्या, फुकटचे सगळे असेच' हे अर्धंच खरं आहे. निन्टेन्डोचा ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स हा 2020 चा गेम महाग आहे, दिसायला अगदी शांत आहे, पण तो कन्सोलच्या खऱ्या तारखेवर चालतो. तुम्ही आला नाहीत तर बेटावर तण वाढतं. रविवारी सकाळी घेतलेले सलगम पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर सडतात. तिथल्या मशिनवर रोज गेलात तर मिळणारे पॉइंट सात दिवस चढत जातात आणि एक दिवस चुकला की पुन्हा खालून सुरुवात. ज्याला मागे पडल्याची भावना नकोशी वाटते, त्याला हा 'आरामाचा' गेमही टोचू शकतो.

उलट बाजूही आहे. गेममध्ये 'डेली' हा शब्द दिसला की लगेच पळायचं कारण नाही. मिनी मेट्रो या रेल्वे मार्ग आखायच्या गेममध्ये रोजचं आव्हान असतं. ते चुकलं तर काय जातं? त्या दिवसाच्या यादीत तुमचं नाव नसतं, बस्स. ना शहर बंद होतं, ना बक्षीस हुकतं. म्हणून शब्दावर न जाता विचारायचं की आज आलो नाही तर असं काय जाईल, जे नंतर कधीच मिळणार नाही?

डाउनलोड करण्याआधी कुठे बघायचं?

प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखालीच In-app purchases असं लिहिलेलं असतं. ते नसेल आणि गेम विकतचा असेल तर तुम्हाला रोज बोलावण्यात त्या कंपनीचा फारसा फायदा नसतो, कारण पैसे आधीच मिळालेले असतात. ते लिहिलेलं असेल तर काय विकतात ते बघा. आयफोनच्या ॲप स्टोअरवर तर वस्तूंची नावंच दिसतात. 'पूर्ण गेम अनलॉक' किंवा 'जाहिराती काढा' अशी एखादीच गोष्ट असेल तर काळजी नाही. 'सीझन पास', 'बॅटल पास', रत्नांची पाकिटं अशी रांग असेल तर आत कॅलेंडर आहे हे धरून चाला.

मग What's new वाचा. त्यात दर वेळी नवा सीझन, सणाची खास ऑफर असं असेल तर तो खऱ्या तारखेवर चालणारा गेम आहे. चुका दुरुस्त केल्या, नवा फोन सपोर्ट केला एवढंच असेल तर चांगलं लक्षण.

तरी शंका उरलीच तर घेतल्यावर एक साधी चाचणी करता येते. गेम एकदा नीट चालू करून बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पुन्हा उघडा. नेटशिवाय उघडलाच नाही तर घड्याळ बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर आहे. उघडला, तर फोनची तारीख तीन दिवस पुढे करून पुन्हा बघा. आत काही वाळलं, बक्षिसाची पट्टी बदलली किंवा 'स्वागत आहे, तुम्ही नव्हतात तेव्हा...' असं काही आलं तर गेम तुमची गैरहजेरी मोजतोय. काहीच बदललं नाही तर तो तुमचाच. (तारीख लगेच पूर्ववत करा, नाहीतर व्हॉट्सॲप कुरकुर करतं.) ही चाचणी घेतल्या घेतल्याच करा, कारण प्ले स्टोअरवर रिफंड मागायचा तर पहिल्या 48 तासांत मागणं सोपं जातं.

मग खेळायचं काय?

वेळ अर्धा तास असेल आणि एकदा पैसे द्यायची तयारी असेल तर बलाट्रो. 2024 मध्ये आलेला हा पत्त्यांचा गेम पोकरच्या हातांवर चालतो. प्रत्येक डाव नव्याने सुरू होतो, त्यामुळे 'मागे पडणं' ही कल्पनाच तिथे लागू होत नाही. धोका दुसरा आहे: 'अजून एकच डाव' म्हणत रात्रीचे दोन वाजतात. ते मात्र घड्याळ बघूनच थांबवावं लागेल.

संपणारा गेम हवा असेल तर मॉन्युमेंट व्हॅली. मूळ गेममध्ये 10 प्रकरणं, एका संध्याकाळी संपतो. संपला की संपला.

आणि पैसे अजिबात द्यायचे नसतील तर सायमन टॅथम यांचा कोडेसंग्रह शोधा. इंग्रजीत Simon Tatham's Puzzles असं टाइप केलं की सापडतो. सुमारे 40 प्रकारची कोडी, फुकट, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही, खातं उघडावं लागत नाही. दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखा, पण अँड्रॉइडवर फुकटात याच्याइतका स्वच्छ गेम क्वचितच मिळेल. सुडोकू येत असेल तर त्यातलं 'सोलो' आधी उघडा, ते तेच आहे.

दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. असे गेम बऱ्याचदा तुमची प्रगती फोनमध्येच साठवतात. जागा कमी पडली म्हणून ॲप काढून टाकलंत तर शेतही जाऊ शकतं, म्हणून फोन बदलण्याआधी सेव्ह फाइलचं काय करायचं ते बघून ठेवा. आणि स्टारड्यू मित्रांसोबत खेळणार असाल तर शेत ज्याच्याकडे सेव्ह आहे त्याचं घड्याळ चालतं. तो तुमच्याशिवाय दोन ऋतू पुढे गेला तर तुम्ही परत आल्यावर सगळं बदललेलं असणार. त्यावर उपाय एकच: सगळे असतील तेव्हाच ते शेत उघडायचं असं आधी ठरवा, आणि रोज खेळायला स्वतःचं वेगळं शेत ठेवा.