अंगावर 'पुरळ' उठलंय म्हणजे नेमकं काय? मॅक्यूल, पॅप्यूल, प्लाक आणि व्हेसिकलमधला फरक समजून घ्या

भूम किंवा परंडा तालुक्यातल्या गावातून त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं, तर बहुतेकांना धाराशिव, बार्शी नाहीतर सोलापूर गाठावं लागतं. त्यामुळे आधी फोनवर विचारलं जातं: "डॉक्टर, अंगावर पुरळ उठलंय." अडचण अशी की मराठीत डाग, पुटकुळी, चट्टा, फोड या सगळ्यांनाच 'पुरळ' म्हटलं जातं. डॉक्टरांसाठी मात्र ही चार वेगळी नावं आहेत.

ती ओळखताना रंगापेक्षा स्पर्श जास्त उपयोगी पडतो. डोळे मिटून बोट फिरवलं आणि काहीच जाणवलं नाही, फक्त रंग बदललेला असेल, तर तो मॅक्यूल, म्हणजे सपाट डाग. बोटाला उंचवटा लागला, तो घट्ट आणि करंगळीच्या नखाहून लहान, साधारण १ सेंटिमीटरच्या आतला असेल, तर पॅप्यूल. उंचवटा त्याहून मोठा, पसरट आणि वरून सपाट असेल, तर प्लाक. सोरायसिसचा खवले सुटणारा चट्टा हे त्याचं नेहमीचं उदाहरण. आणि आत स्वच्छ पाणी असलेला लहान फोड म्हणजे व्हेसिकल. पाण्याऐवजी पू असेल तर नाव बदलतं, पश्च्यूल. (काही पुस्तकं १ सेंटिमीटरऐवजी अर्ध्या सेंटिमीटरची मर्यादा धरतात, म्हणून डॉक्टरांना माप सांगितलेलं बरं.)

हा फरक कळला तर काय होतं, हे नागिणीत दिसतं. समजा, एका शेतकऱ्याच्या डाव्या बरगडीवर दोन दिवस आग होतेय. मग तिथे लाल डाग येतात, त्यावर पुटकुळ्या उठतात आणि लवकरच त्यांत पाणी भरतं. म्हणजे मॅक्यूल, पॅप्यूल, व्हेसिकल असा प्रवास एकाच जागी होतो. शेवटी खपल्या धरतात. नागिणीवरचं विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केलं तर जास्त फायदा होतो. "पुरळ आहे" एवढंच सांगितलं तर घामोळं समजून हे तास निघून जाऊ शकतात. "कालपासून, फक्त डाव्या बाजूला, पट्ट्यात, पाणी भरलेले बारीक फोड" असं सांगितलं तर डॉक्टरांच्या मनात नागीण लगेच येते. पुरळ डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अनेक घरांत नागिणीवर गेरू लावतात. त्याने विषाणू मरत नाही, उलट फोड झाकले जातात आणि तपासणं अवघड होतं. फोड फोडूही नयेत. आतल्या पाण्यातून, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात.

सपाट डागही नेहमी किरकोळ नसतो. फिकट किंवा लालसर डागावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी हवी.

फोटो पाठवायचा असेल तर फ्लॅश बंद ठेवून बाजूने टॉर्च धरा. समोरून उजेड पडला की उंचवट्याची सावली दिसत नाही आणि पॅप्यूलही मॅक्यूलसारखा सपाट दिसतो.